ढोमणे सर उणे दोनवर जातात

आमच्या शाळेत गणित शिकवणारे रुपराव ढोमणे सर अठ्ठावीस वर्षांपासून सहावीला पूर्णांक संख्या शिकवतात. मी त्याच शाळेत भूगोल शिकवते. शाळा नागपुरात धंतोलीतली, मराठी माध्यमाची, अनुदानित. एका वर्गात पंखे चार, त्यांपैकी फिरणारे अडीच. सर रामटेकजवळच्या एका खेड्यातले. घरी धानाची शेती. शर्ट नेहमी खोचलेला, खिशात दोन पेनं आणि एक खडू. खडू पेनांच्या शेजारी ठेवल्यामुळे सरांचा खिसा कायम पांढरा असतो, आणि तो धुऊन निघत नाही म्हणून त्यांच्या मिसेस मेघाताईंनी केव्हाच हात टेकले आहेत.

सरांचा पूर्णांकांचा धडा ठरलेला. आधी फळ्यावर आडवी संख्यारेषा. मधोमध शून्य, उजवीकडे धन, डावीकडे ऋण. मग तापमान. मग लिफ्ट. लिफ्टचं चित्र ते असं काढायचे की मागच्या बाकावरचं पोरगंही मान वर करायचं. सहा मजली इमारत, तळमजल्यावर शून्य, खाली पार्किंगचे दोन मजले, उणे एक आणि उणे दोन, आणि लिफ्टच्या आत एक टोपीवाला माणूस. टोपी का, हे कोणी विचारलं नाही. सगळ्या बॅचेसना ती टोपी पाठ.

यंदा जुलैमध्ये धडा सुरू झाला तेव्हा सर माझ्याकडे आले.

"मॅडम, तुमच्या भूगोलात थर्मामीटर असेल ना?"

"भूगोलात नाही, विज्ञानाच्या कपाटात आहे. कशाला?"

"पोरांनी शून्याच्या खालचं तापमान पाह्यलंच नाही. मे महिन्यात सेहेचाळीस पाह्यलं त्याहीनं. उणे कोण दाखवणार? मीच दाखवतो."

त्यांनी प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेतला. उणे दहापासून एकशे दहापर्यंत खुणा असलेला, आत लाल द्रव. कोपऱ्यावरच्या कोल्ड्रिंकवाल्याकडून बर्फ आणवला, घरून मिठाची पुडी आणली. बर्फ फोडून स्टीलच्या ग्लासात भरला, थोडं पाणी घातलं आणि थर्मामीटर उभा केला. मीही मागे जाऊन बसले, कारण वर्गात बर्फ आहे म्हटल्यावर पोरांवर कोणाची तरी नजर हवीच.

लाल रेघ सरसर खाली आली आणि शून्यावर थांबली. सरांनी सगळ्यांना एकेक करून दाखवलं. मग मीठ टाकलं, ढवळलं. रेघ शून्याच्या खाली सरकली. उणे एक, उणे दोन, उणे चार. उणे सातवर येऊन ती थांबली. वर्गात असा कल्लोळ झाला की शेजारच्या वर्गातून इंग्रजीच्या मॅडम पाहायला आल्या.

"आता सांगा," सर खूश होऊन म्हणाले, "उणे दोन आणि उणे सात, यांतली मोठी संख्या कोणती?"

"उणे सात!" छत्तीस पोरांनी एका आवाजात सांगितलं.

सरांचा चेहरा थोडा उतरला. "काहून?"

पिंकी उभी राहिली. पिंकी म्हणजे वर्गाची वकील. "सर, सात दोनपेक्षा मोठा आहे. आणि उणे सातमध्ये जास्त थंडी आहे. मी बोट लावून पाह्यलं, उणे सातच्या वेळी जोरात लागलं. उणे दोनच्या वेळी एवढं नाही लागलं."

"तू बोट लावलंस?" मी मागून ओरडले. मीठ घातलेल्या बर्फात बोट ठेवलं तर कातडी पोळते.

"थोडंसंच, मॅडम."

सर तिला समजावू लागले. थंडी वाढते तेव्हा तापमान कमी होतं, कमी होतं म्हणून संख्या लहान होते. पिंकीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, पण थंडी तं जास्तच झाली ना." वर्गानं माना डोलावल्या. सरांनी स्वतः बर्फ आणून, मीठ घालून, छत्तीस साक्षीदारांसमोर स्वतःविरुद्ध पुरावा तयार केला होता. दुसऱ्या दिवशी छोटी चाचणी घेतली. लहान-मोठेपणाच्या प्रश्नात एकतीस जणांचं चुकलं. शिक्षकखोलीत मी म्हटलं, "सर, मीठ जास्त झालं." ते हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हुकमी पत्ता काढला. लिफ्ट. टोपीवाल्या माणसासकट. बटणंही काढली, सहापासून उणे दोनपर्यंत. चित्र संपलं तेव्हा शेवटच्या बाकावरून हात वर झाला. काजल नागपुरे. ही मुलगी बोलते कमी. वहीत मात्र तिची अक्षरं एकसारखी, मुंग्यांच्या रांगेसारखी.

"सर, लिफ्टमध्ये अशी बटणं नसतात."

"म्हणजे?"

"उणे एक, उणे दोन नसतं. शून्य पण नसतं. जी असते. तिच्या खाली बी वन, बी टू. माझे पप्पा लिफ्ट चालवतात, रामदासपेठेत." ती क्षणभर थांबली आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "सर, तुमी कधी लिफ्टमध्ये गेले नाही का?"

वर्ग फुटला. सर एका दमात म्हणाले, "गेलो आहे ना." आणि मग, न विचारता, "एकदा."

मला तेव्हाच शंका आली. शिक्षण विभागाच्या बैठका असोत की कोणा सहकाऱ्याला दवाखान्यात भेटायला जाणं असो, आम्ही लिफ्टपाशी उभे राहायचो आणि ढोमणे सर जिन्याकडे वळायचे. "तब्येतीले चांगलं असते," म्हणायचे. आम्ही त्यांच्या निग्रहाचं कौतुक करायचो. एका मॅडमनी तर त्यांचं पाहून जिने चढायला सुरुवात केली आणि आठ दिवसांत सोडून दिली.

त्या दिवशी पोरांनी सरांना सोडलं नाही. बी वन म्हणजे उणे एकच कशावरून? जी म्हणजे शून्य कोणी ठरवलं? काजल म्हणाली, "पप्पांना विचारू का? शनिवारी दुपारी ऑफिसं बंद असतात. सगळे येऊ शकतात."

सर काही बोलायच्या आत छत्तीस पोरांनी होकार दिला होता.

काजलचे वडील सुशीलभाऊ सोमवारी संध्याकाळी शाळेत आले. निळा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, बोलायला मोकळे. इमारतीच्या सेक्रेटरींना विचारून आले होते. परवानगी होती, पण कोणी भिंतीवर काही लिहायचं नाही आणि लिफ्टमध्ये उड्या मारायच्या नाहीत. आठ माणसांची लिफ्ट, म्हणून एका वेळी पोरं सहाच, सातवे ते स्वतः.

"आणि आठवे तुमी, सर," ते म्हणाले.

"नाही नाही," सर घाईनं म्हणाले. "मी बाहेर राहीन. लक्ष ठेवाले."

पालकांच्या सह्या आल्या. मुली होत्या म्हणून मीही निघाले. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही रांगेनं रामदासपेठेत गेलो. इमारत सहा मजल्यांची, खाली पार्किंगचे दोन मजले, सरांच्या चित्रासारखीच. सरांनी चिठ्ठ्या तयार करून आणल्या होत्या. जाड कागदावर मोठ्या आकड्यात सहा ते उणे दोन. काजलनं प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी एकेक चिठ्ठी टेपनं चिकटवली. 'जी'च्या शेजारी शून्य. बी वनच्या शेजारी उणे एक. सुशीलभाऊ लांबून पाहत होते. म्हणाले, "चौदा वर्षं झाली मले इथं. या रेषेवरच वरखाली करून राहिलो, पण आकडे आज लागले."

खेळ असा होता. प्रत्येक गटाला दोन मजले दिलेले. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत लिफ्ट वर जाईल की खाली, आणि किती मजले ओलांडेल, हे आधी वहीत लिहायचं. मग प्रत्यक्ष जाऊन मोजायचं. मुक्कामाच्या मजल्यावर सर उभे असणार, ते उत्तर तपासणार. बाकीची पोरं तळमजल्यावर माझ्यापाशी बसणार.

पहिला गट शून्यावरून पाचवर. सोपं होतं. सगळ्यांनी पाच लिहिलं, पाचच निघाले. वरून सरांचा आवाज ऐकू आला, "बरोबर!" आवाजात दम होता, म्हणजे दम लागलेला होता.

दुसरा गट विक्कीचा. तीनवरून उणे दोनवर. विक्कीनं वहीत ठामपणे 'एक' लिहिलं. तीनातून दोन गेले, एक राहिला. लिफ्ट आधी तीनवर गेली, मग खाली निघाली. मी पोरांना घेऊन पार्किंगच्या जिन्यापाशी आले होते, तिथून सगळं दिसत होतं. उणे दोनवर दार उघडलं तेव्हा विक्की बोटं धरून उभा होता.

"किती झाले?" सरांनी विचारलं. पाचव्या मजल्यावरून सात मजले उतरून ते नुकतेच पोचले होते आणि भिंतीला हात लावून उभे होते.

"सहा, सर."

"सहा? मोज पाहू."

"तीन, दोन, एक, शून्य, उणे एक, उणे दोन."

"तीनवर तं तू उभाच होता बाप्पा. तिथून हलला नव्हता. मजले मोजू नको, उड्या मोज. तीनवरून दोनवर एक उडी."

विक्कीनं पुन्हा मोजलं. तीन ते दोन, दोन ते एक, एक ते शून्य, शून्य ते उणे एक, उणे एक ते उणे दोन. पाच. त्यानं वहीतला 'एक' पाहिला, मग वर छताकडे पाहिलं. "बाप्पा! बाकीचे चार कुठून आले?"

"शून्य ओलांडलं ना तू," काजल हळूच म्हणाली. "शून्यापर्यंत तीन, आणि शून्याच्या खाली दोन."

सर तिच्याकडे असे बघत राहिले, की मला वाटलं आता खिशातला खडू काढून तिच्या हातात देतील. पण त्यांना तिसऱ्या गटासाठी वर जायचं होतं. उणे एकवरून चारवर. म्हणजे त्यांना उणे दोनवरून चारवर, सहा मजले. तोवर पोरांच्या लक्षात आलं होतं की सरांशी जिन्यावर शर्यत लावता येते. मी ओरडत राहिले आणि अर्धा वर्ग सरांच्या मागे जिन्यानं पळाला. मीही पळाले. भूगोलाच्या शिक्षिकेनं पळायला हरकत नसते, पण साडी हरकत घेते.

काजलचा गट लिफ्टनं चारवर पोचला तर दारात सर नव्हते. पोरांनी जिन्यात डोकावलं. सर तीन आणि चारच्या मधल्या वळणावर पायरीवर बसले होते. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल, श्वास जागेवर नाही. आम्ही सगळे त्यांच्याभोवती जमलो. कोणीतरी पाण्याची बाटली दिली.

"सर," पिंकी म्हणाली, "तुमी लिफ्टनं काहून नाही येऊन राहिले?"

"व्यायाम," सर म्हणाले.

"सर, व्यायाम असा नसतो," पिंकी म्हणाली. आमची वकील उगाच नाही.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच मदत केली नाही. खरं सांगायचं तर मलाही उत्तर हवं होतं. मग त्यांनी बाटलीचं झाकण हळूहळू लावलं आणि बोलायला लागले.

पंचाण्णव सालची गोष्ट. सर तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे. नोकरीच्या मुलाखतीसाठी गावाहून पहिल्यांदा एकट्यानं नागपुरात आले होते. तोपर्यंत त्यांनी चढलेली सगळ्यांत उंच जागा म्हणजे रामटेकचा गड, तोही पायऱ्यांनी. मुलाखत एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होती. लिफ्टला जाळीचं दार होतं. आत एक टायपिस्ट बाई आणि सहा कप चहाचा ट्रे घेतलेला एक शिपाई. लिफ्ट निघाली आणि वीज गेली. समोर दार नाही, भिंत. चाळीस मिनिटं.

"अंधारात?" कोणीतरी विचारलं.

"फटीतून थोडा उजेड होता. ते बाई रडाले लागली. शिपायानं मात्र काय केलं, चहा थंडा होते म्हणून एकेक करून सहाही कप पिऊन टाकले. मले विचारलं पण नाही."

पोरं हसायला लागली. सर पण थोडे हसले. "मुलाखत हुकली नाही, मुलाखत घेणारे थांबले होते. पण मी आत गेलो तं डोक्यात अजून ती लिफ्टच होती. त्याहीनं सात आठं विचारले, मी चौपन्न सांगितलं. गणिताच्या जागेसाठी."

"मग नोकरी कशी भेटली सर?"

"ती नाही भेटली. ही दुसरी."

मग विक्कीनं विचार करून विचारलं, "सर, लिफ्ट अटकली तेव्हा तुमी कोणत्या मजल्यावर होते?"

"एक आणि दोनच्या मधी."

"म्हणजे सर," विक्की म्हणाला, "तुमी पूर्णांकावर नव्हतेच!"

जिना दणाणला. सर आधी हसले नाहीत, कारण उत्तर बरोबर आहे की नाही ते तपासत होते. बरोबर होतं. एक आणि दोनच्या मध्ये एकही पूर्णांक नाही. मग ते हसले, आणि हसताना त्यांना खोकला आला, आणि खोकताना ते उभे राहिले.

सुशीलभाऊ लिफ्ट चारवर थांबवून बाहेर आले होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी, पण सरांची थट्टा केली नाही. म्हणाले, "सर, आता तसं नाही राह्यलं. लाइट गेली तं बॅटरीवर चालते. जवळच्या मजल्यावर येते, दार आपोआप उघडते. दर महिन्याले मेकॅनिक येऊन पाहून जाते."

"जवळच्या मजल्यावर?" सरांनी विचारलं.

"हो. जो जवळ असेल त्याच्यावर."

"म्हणजे जवळच्या पूर्णांकावर," सर स्वतःशीच म्हणाले. त्या एका वाक्यानं त्यांना जेवढा धीर आला तेवढा मेकॅनिकनं आला नाही.

काजल वडिलांच्या शेजारी उभी होती. "सर, एकच उडी घ्या," ती म्हणाली. "चारवरून तीनवर. दार उघडलं की उतरा."

सरांनी शर्ट पुन्हा खोचला. आत गेले. सुशीलभाऊ, काजल, पिंकी, विक्की आणि मी. बाकीची पोरं जिन्यानं खाली धावली, कारण सर बाहेर येतात की नाही हे सगळ्यांनाच पाहायचं होतं. दार बंद झालं. सरांनी कडेचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. लिफ्ट हलली तेव्हा त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, जो मी इथं लिहिणार नाही.

"तीन," काजल म्हणाली.

दार उघडलं. समोर तीनची चिठ्ठी. सर डोळे उघडून चिठ्ठीकडे बघत राहिले. उतरले नाहीत.

"उतरायचं आहे का सर?" सुशीलभाऊंनी विचारलं.

"अं... अजून एक."

"दोन," काजल म्हणाली. "एक." सरांनी आता एक हात सोडला होता. "शून्य."

शून्यावर दार उघडलं तर समोर तेहतीस पोरं उभी, घामाघूम. सगळ्यांनी एकच ओरडा केला. पहिल्या मजल्यावरच्या एका ऑफिसातला माणूस शनिवारचं काम टाकून जिन्यात पाहायला आला.

"सर, आता उणे!" अर्णव नावाचा पोरगा ओरडला. "शून्यावर थांबू नका!"

सर हसले. "चला," म्हणाले. "आता काय."

उणे एक. उणे दोन. खाली पार्किंगमध्ये दिवे मंद, डिझेलचा वास, एका खांबामागे झाकून ठेवलेली स्कूटर. दार उघडलं आणि सर बाहेर आले. चेहऱ्यावर मुलाखत पास झाल्यासारखं होतं. ते खाली बसले नाहीत. भिंतीवरच्या उणे दोनच्या चिठ्ठीला त्यांनी बोट लावलं.

मागून पिंकी म्हणाली, "सर, एक सांगू?"

"सांग."

"आपण वरून खाली आलो. चारपासून. आकडा कमी होत गेला. शून्य झालं. मग अजून खाली आलो, तं अजून कमीच झाला असेल ना? खाली येऊन जास्त कसा होईल?"

सर तिला मध्येच तोडून उत्तर देऊ शकले असते. अठ्ठावीस वर्षांत किती वेळा दिलंही असेल. पण थांबले.

"म्हणजे उणे दोन, उणे एकपेक्षा लहान," पिंकी म्हणाली. मग तिच्या कपाळावर आठी आली, तशी जशी तिला आपलाच खटला हरताना येते. "आणि सर, ते थर्मामीटर. ते लाल पाणी पण लिफ्टच आहे. मीठ टाकलं तेव्हा ते सात मजले खाली गेलं. थंडी वाढली, पण पाणी तं खालीच गेलं. म्हणून उणे सात लहान."

"तापमान कमी झालं," सर म्हणाले. "थंडी वाढली तरी."

"हो. मी बोटाचं ऐकून राह्यली होती."

सरांनी खिशातून खडू काढला, मग त्यांना सेक्रेटरींची अट आठवली आणि परत ठेवला. मी पाहिलं, त्यांचे डोळे पाणावले होते. ते म्हणतात डिझेलचा वास होता.

उरलेले तीन गट सरांनी लिफ्टमध्ये बसून घेतले. दर वेळी दांडा धरला, पण एकाच हातानं. एकदा दार बंद व्हायला थोडा वेळ लागला तेव्हा त्यांनी मोठ्यानं 'जवळचा पूर्णांक, जवळचा पूर्णांक' असं म्हटलं. पोरांनीही त्यांच्यासोबत म्हटलं.

निघताना सुशीलभाऊंनी चिठ्ठ्या काढू दिल्या नाहीत. सेक्रेटरींना सांगतो म्हणाले, राहू द्या. सोमवारी आलेल्या ऑफिसच्या लोकांनी, काजल सांगते, शून्य आणि उणे एक बघून बराच वेळ विचार केला आणि एका वकील साहेबांनी तर खाली पार्किंगला जाताना मोठ्यानं म्हटलं, "चला, मायनस टू."

मंगळवारी सरांनी पुन्हा चाचणी घेतली. छत्तीसपैकी तेहतीस जणांनी लहान-मोठं बरोबर लावलं. चुकलेल्या तिघांमध्ये अर्णव होता, आणि त्यानं चूक केली ती शून्याच्या बाबतीत. त्याच्या मते शून्य उणे पाचपेक्षा लहान, कारण 'शून्य म्हणजे काहीच नाही'. सरांनी त्याला बोलावलं आणि विचारलं, "उणे पाचवरून शून्यावर यायला लिफ्ट वर येते की खाली जाते?" अर्णवनं हातानं लिफ्ट करून दाखवली, वर नेली, आणि मध्येच थांबून "अरे हो" म्हणाला. पुढच्या आठवड्यात सरांनी फळ्यावर लिफ्ट काढली ती नुसत्या रेषेसारखी, उभी, खुणांसह, आणि शेजारी तसाच थर्मामीटर. एकाच उंचीवर दोन्हींची शून्यं. टोपीवाला माणूस काढला नाही. पोरांनी कारण विचारलं नाही, पण मी विचारलं. "त्याले टोपी घालायची काय गरज," म्हणाले, "सुशीलभाऊ घालत नाहीत."

दसऱ्याच्या आसपास मेघाताई भेटल्या, बाजारात. त्यांच्या बहिणीनं बेसा भागात नवा फ्लॅट घेतला आहे, आठव्या मजल्यावर. वास्तुशांतीला दोघं गेले होते. इमारतीत पोचल्यावर सर लिफ्टपाशी थांबले, बटण दाबलं आणि मेघाताईंना म्हणाले, "ये वं, आठच उड्या आहेत."

"मी पाहतच राह्यली," मेघाताई म्हणाल्या. "तीस वर्षं या माणसानं मले पायऱ्या चढवल्या. माझ्या गुडघ्याचा भुगा झाला. मी विचारलं, अहो, आज काय झालं? तं म्हणाले, पोरीनं शिकवलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? आठव्यावर जाईपर्यंत हे डोळे मिटून मोजत होते. मी मोजलं नाही. मी त्यांचा हात धरून उभी राह्यली."

असं म्हणून त्या पुढच्या दुकानात वळल्या, भाजीची पिशवी हलवत, आणि मी घरी निघाले.